तिकीट भारताचं, शिक्का कुठला?



जुनं पाकीट हातात आलं की आपण सगळेच आधी तिकीट बघतो. तिकिटावर चित्र असतं, रंग असतो, देशाचं नाव छापलेलं असतं. शिक्का मात्र पुसट, अर्धवट, कधी तिकिटावर तर कधी कागदावर. म्हणून तो सोडून देतो. पण पत्र कुठून निघालं हे तिकीट सांगत नाही. तिकीट फक्त एवढंच सांगतं की ते कोणत्या सरकारच्या टपालखात्याने छापलं. पत्र कोणत्या पोस्टाच्या खिडकीत पडलं, हे शिक्का सांगतो. या दोन गोष्टींत किती अंतर पडू शकतं, ते या वर्षी माझ्या पाचवीच्या वर्गात आलेल्या एका पाकिटावरून कळलं. त्याचीच ही हकिगत. वर्गात कशी घेता येईल तेही ओघात येईलच.

परिसर अभ्यासात इतिहासाची साधनं शिकवताना मी मुलांना घरातली एखादी जुनी वस्तू आणायला सांगते. तांब्याचा गडू, अडकित्ता, जुनी नाणी, दस्तऐवज, काहीही चालतं. आमची शाळा राजापूर तालुक्यातली. इथल्या बहुतेक घरांतलं कोणी ना कोणी मुंबईला, नाहीतर बोटीवर गेलेलं, त्यामुळे जुनी पत्रं बरीच निघतात. एका मुलाने आजीच्या ट्रंकेतलं एक रिकामं पाकीट आणलं. आतलं पत्र केव्हाच हरवलेलं. वर मराठीत पत्ता, उजव्या कोपऱ्यात पाचव्या जॉर्जचं फिक्या जांभळ्या रंगाचं सव्वा आण्याचं भारतीय तिकीट. मागच्या बाजूला दोन शिक्के, त्यातला एक अगदी ठळक, मुंबईचा. पुढे तिकिटावरचा शिक्का मात्र जवळजवळ गेलेला.

मुलगा म्हणाला, "बाई, हे माझ्या आजीच्या आजोबांनी पाठवलेलं. ते मुंबईला होते. आजी म्हणते ते वाईट होते."

पाचवीतल्या मुलाने चार पिढ्या मागच्या माणसाला वाईट म्हणावं, हे मला जरा खटकलं. शाळा सुटल्यावर आजींना विचारलं तेव्हा सगळं कळलं. आजोबा कामासाठी मुंबईला गेले आणि तिकडचेच झाले. त्यांची आई वारली तेव्हा ते आले नाहीत. आणि तिच्या तेराव्याच्या दिवशी हे पाकीट घरी आलं. तेव्हा भावकीत जे बोललं गेलं ते या घरात अजून बोललं जातं: पत्र टाकायला वेळ मिळाला, यायला नाही मिळाला. मुंबई ती काय लांब? बोटीने एका दिवसाचा रस्ता! आजींची आजी हे आयुष्यभर ऐकत राहिली. पत्रात काय लिहिलं होतं, कोणी वाचून दाखवलं की रागाने तसंच ठेवलं, हे आजींना माहीत नाही. पाकीट मात्र जपून ठेवलेलं. मुंबईचा शिक्का हा पुरावा म्हणून!

आता त्या पाकिटाकडे येऊ.

पहिली गोष्ट म्हणजे एका पाकिटावर अनेक पोस्टांचे शिक्के असतात आणि प्रत्येकाचं काम वेगळं. पत्र जिथे टाकलं जातं तिथलं पोस्ट तिकिटावर शिक्का मारतं. तिकीट पुन्हा वापरता येऊ नये हा त्यामागचा हेतू. पत्र वाटेत एखाद्या मोठ्या पोस्टातून पुढे जातं तिथे कधी मागे शिक्का बसतो. आणि जिथे वाटप होतं ते पोस्टही, त्या काळी तरी, मागे आपला तारखेचा शिक्का मारत असे. म्हणजे मागचा ठळक शिक्का हा बहुधा वाटेचा किंवा पोचल्याचा. निघाल्याचा शिक्का शोधायचा तो तिकिटावर. मग तो कितीही पुसट असो.

मी मुलांना मागचे दोन शिक्के फळ्यावर मोठे काढून दाखवले. एकावर मुंबई, १९ जानेवारी, साल ३४. दुसऱ्यावर राजापूर, २२ जानेवारी ३४. त्या काळच्या शिक्क्यांवर सालाचे शेवटचे दोनच आकडे असतात. पण पाचव्या जॉर्जचं हे सव्वा आण्याचं तिकीट १९३२ नंतरचं, त्यामुळे ३४ म्हणजे १९३४ हे पक्कं. मुंबई ते राजापूर तीन दिवस. जानेवारीत समुद्र शांत, किनाऱ्याच्या आगबोटी चालू, हिशेब जमतो.

मग पुढचा शिक्का. त्याच्या मधल्या ओळीत ११ हा आकडा आणि पुढे इंग्रजी जे, ए एवढं साध्या डोळ्यांनी दिसत होतं. साल तिकिटाच्या गडद भागात बुडालेलं. मुलांनी लगेच ११ जानेवारी म्हटलं. महिन्यांत जे-ए ने सुरू होणारा जानेवारीच, त्यामुळे तेही बरोबर. थोडा वेळ शांतता, आणि मग ज्याने पाकीट आणलं होतं तोच म्हणाला, "बाई, अकरा तारखेला टाकलं आणि मुंबईला एकोणीसला पोचलं? मुंबईहून मुंबईला जायला आठ दिवस?"

मला इथे थांबून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. अक्षरं एकही वाचता आली नसती तरी एवढ्यावरून एक गोष्ट ठरली होती. हे पत्र मुंबईत टाकलेलं नाही. मुंबईत ते बाहेरून आलं. शिक्के वाचताना अक्षरांआधी तारखा एका ओळीत लावाव्यात हे मी आता नेहमी सांगते. आकडे दहाच असतात, अर्धवट असले तरी ओळखू येतात. सगळ्यांत आधीची तारीख म्हणजे निघालेलं पोस्ट, सगळ्यांत शेवटची म्हणजे पोचलेलं.

पण बाहेरून म्हणजे कुठून? नागपूरहूनही मुंबईला पत्र येतंच की. पण तिथून आठ दिवस लागत नाहीत. रेल्वेने दोन दिवस, फार तर तीन. आठ दिवस म्हटल्यावर माझ्या डोक्यात बोट आली. पण हा अंदाज झाला. अंदाज मनात आला की डोळे तेच वाचायला लागतात. म्हणून तो मुलांना सांगितला नाही.

पुसट शिक्का वाचायची रीत साधी आहे, घाई मात्र चालत नाही. पाकिटाला पाणी, खोडरबर, ओला बोळा काही लावायचं नाही. पुष्कळदा शाई उडालेली नसतेच, ठसाच नीट बसलेला नसतो, आणि चोळलं तर जे आहे तेही जातं. खोलीत अंधार करून टॉर्च टेबलाला जवळजवळ टेकवून आडवी धरली. शिक्का जोरात मारलेला असेल तर कागदावर किंचित खळगा पडतो आणि तिरप्या उजेडात त्याची सावली दिसते. मग लाल जिलेटिनचा तुकडा मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे धरून फोटो काढले. जिलेटिन म्हणजे स्नेहसंमेलनात दिव्यांना लावतो ना, तेच. लालमधून पाहिलं की तिकिटाचा जांभळा रंग फिका पडतो आणि शिक्क्याची काळी शाई काळीच राहते. तिकीट निळं असतं तर निळं जिलेटिन घेतलं असतं. तिकिटाच्या रंगाला जवळचा रंग घ्यायचा, एवढंच लक्षात ठेवा.

फोटो मोठे करून छापून घेतले आणि मुलांच्या चार गटांना दिले, वर पातळ ट्रेसिंगचा कागद. सूचना एकच होती: जेवढं दिसतंय तेवढंच गिरवायचं, अक्षर पूर्ण करायचं नाही. ही सूचना पाळणं मोठ्यांना जड जातं. आपल्याला एक आडवी रेघ दिसली की आपण ती ई करून टाकतो. मुलं उलट एकेका ठिपक्यावरून भांडतात. चारही गटांनी स्वतंत्रपणे काढलं आणि चारही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. जे चौघांनाही दिसलं ते ठेवलं. एकालाच दिसलं ते सोडलं.

उरलं ते असं. वर्तुळाच्या वरच्या कमानीत, मध्याच्या डावीकडे, ई आणि एन ही दोन अक्षरं. मग एका अक्षराएवढी मोकळी जागा. मग उजवीकडे, तिकिटावर, सी. त्यापुढे एका अक्षराचं वरचं टोक आणि मग दोन उभ्या रेघा. डावीकडे ईच्या आधीचा कागद घासलेला, तिथे काहीच नाही. पण आणखी खाली, कमान जिथे सुरू होते तिथे, एक तिरकी रेघ.

"कॅम्प!" असं दोघीतिघी एकदम ओरडल्या. सी, मग टोक असलेलं अक्षर, मग दोन रेघा. आमच्याकडच्या मुलांना कॅम्प म्हटलं की पुणंच आठवतं. एकीचा मामा तिथे राहतो. पण तेव्हा इंग्रजीत पुणे असं लिहीत नसत, पूना लिहीत, शेवटी एन-ए. इथे शेवट ई-एन आहे. अहमदनगरचा शेवट आर, बेळगावचा इंग्रजी शेवट एम. जुने शिक्के वाचताना गावाची आजची नावं विसरून तेव्हाची इंग्रजी स्पेलिंगं समोर ठेवावी लागतात. ठाण्याचं थाना, सोलापूरचं शोलापूर, वसईचं बॅसीन. त्यातही गंमत अशी की बॅसीन नावाचं दुसरं मोठं गाव ब्रह्मदेशात होतं आणि तेव्हा तिथेही भारतीय तिकिटंच चालत. म्हणजे बॅसीन पूर्ण वाचता आलं तरी वसई की ब्रह्मदेश हे ठरवायला पुन्हा तारखांकडेच यावं लागणार. आमच्या शिक्क्यात मात्र एनच्या आधी आडव्या रेघांचा ई स्पष्ट होता. बॅसीनमध्ये एनच्या आधी आय येतो, म्हणून ते नाव बाजूला झालं.

आता गणित. हा भाग मला सगळ्यांत आवडला, कारण कोनमापक पेटीतून बाहेर काढायला मुलांना खरं कारण मिळालं. शिक्क्यावर गावाचं नाव कमानीत बसवताना कारागीर ते मधोमध बसवतो. म्हणजे डावीकडे जेवढी अक्षरं तेवढीच साधारण उजवीकडे. मग मध्य शोधायचा. तारखेची ओळ आडवी असते, म्हणून तिला वर्तुळाच्या केंद्रातून लंब काढला. तो जिथे वर कमानीला लागला तो मध्य. लंब नेमका एन आणि सी यांच्यामधल्या मोकळ्या जागेतून गेला! म्हणजे मोकळ्या जागेच्या दोन्ही बाजूंना सारखी अक्षरं. उजवीकडे कॅम्प असेल तर सी-ए-एम-पी अशी चार. डावीकडेही चारच हवीत.

हे केवळ कॅम्पच्या भरवशावर नको म्हणून डावी बाजू वेगळी मोजली. केंद्रापासून ईकडे आणि एनकडे रेषा काढल्या, त्यांच्यात साधारण २० अंश. एन मध्यापासून २० अंशांवर, ई ४० वर. ती एकटी तिरकी रेघ जवळपास ८० वर. म्हणजे ६० अंशांवर एक अक्षर पूर्ण गेलेलं आणि ८० वर पहिलं अक्षर. एकूण चार. कागद फिरवून ते पहिलं अक्षर सरळ उभं राहील असं धरलं तेव्हा ती रेघ खालून वर उजवीकडे चढत जाणारी दिसली, कॅपिटल ए ची डावी बाजू असते तशी.

ए ने सुरू होणारं, ई-एन ने संपणारं, चार अक्षरांचं, पुढे कॅम्प लावलेलं, आणि मुंबईपासून टपालाच्या वाटेने आठ दिवसांवरचं गाव. नकाशा मी फळ्याला लावूनच ठेवला होता. मुंबईपासून पश्चिमेला बोट सरकवत न्यायला सांगितलं. अरबी समुद्र संपतो तिथे, तांबड्या समुद्राच्या तोंडाशी, एडन.

इथे पालकांच्या मनात प्रश्न येईल तोच मुलांनी विचारला. एडन तर अरबस्तानात, आज येमेन देशात. मग तिकीट भारताचं कसं? एडन ईस्ट इंडिया कंपनीने १८३९ मध्ये घेतलं आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षं त्याचा कारभार हिंदुस्थान सरकारकडे होता. १९३२ पर्यंत तर ते मुंबई इलाख्यातच मोडत असे. नाणं रुपया-आण्याचं आणि पोस्टाची तिकिटंही आपलीच. वासुदेव बळवंत फडक्यांना एडनच्या तुरुंगात ठेवलं होतं आणि तिथेच १८८३ मध्ये त्यांचं निधन झालं, हे मुलांना पाठ होतं. पण एडन म्हणजे समुद्रापलीकडे नक्की कुठे, हे त्या दिवशी पहिल्यांदा नकाशात सापडलं. १ एप्रिल १९३७ ला एडन हिंदुस्थानापासून वेगळं होऊन ब्रिटिशांची वसाहत झालं आणि त्याच दिवशी त्याची स्वतःची तिकिटं निघाली, त्यांवर गलबताचं चित्र. ब्रह्मदेशही त्याच दिवशी वेगळा झाला. म्हणजे हेच पत्र साडेतीन वर्षांनी टाकलं असतं तर तिकिटावर एडन असं छापलेलं असतं आणि या घरात तो समज कधी झालाच नसता. १९३४ मध्ये मात्र तिकिटावरून राजापूर आणि एडन यांत काडीचाही फरक कळत नव्हता. फरक होता तो फक्त शिक्क्यात.

एक पायरी राहिली होती. आपल्याला सुचलेलं नाव शिक्क्यात बसतं म्हणून तेच खरं, असं नाही. तशा नावाचं पोस्ट त्या काळी होतं का आणि त्याचा शिक्का असा दिसायचा का, हे पडताळायला हवं. तिकीट जमवणाऱ्यांनी छापलेल्या एडनच्या जुन्या पाकिटांची चित्रं मिळतात. त्यांत एडन कॅम्प असा शिक्का आहे. एडनमध्ये एकाहून जास्त पोस्टं होती. मोठं पोस्ट बंदरावर, स्टीमर पॉइंटला. आणि एडन कॅम्प हे क्रेटर भागातलं, म्हणजे विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखात वसलेल्या जुन्या शहरातलं. चित्रातल्या शिक्क्यावर आमचा ट्रेसिंगचा कागद धरला. मोकळी जागा मध्यावर, ई-एन डावीकडे, सगळं जागच्या जागी.

दिवसांचा हिशेबही बसतो. मुंबई ते एडन सोळाशे सागरी मैलांहून जास्त. आगबोटीला साधारण पाच-सहा दिवस. टपालाच्या बोटी काही रोज सुटत नसत, दोन-तीन दिवस पत्र बोटीची वाट बघत पोस्टात पडून राहणार. ११ ला टाकलेलं १९ ला मुंबईत पोचणं अगदी स्वाभाविक.

एका मुलीची शंका मात्र मला मोलाची वाटली. आजोबा बोटीवर खलाशी असतील आणि वाटेत एडनला बोट थांबली तेव्हा पत्र टाकलं असेल तर? असं होऊ शकतं. बोटीवरच पेटीत टाकलेल्या पत्रांवर पुढच्या बंदरात शिक्का मारतात, आणि अशा पत्रावर बऱ्याचदा पाकेबो हा फ्रेंच शब्द वेगळा मारलेला असतो. असा शिक्का आमच्या पाकिटावर कुठेच नव्हता. शिवाय बंदरावर उतरून घाईत टाकलेलं पत्र बंदराच्या पोस्टात पडण्याची शक्यता जास्त, आणि हे तर आतल्या शहरातल्या पोस्टातलं. त्यामुळे ते तिथे राहत असावेत असं वाटतं. पण हे वाटणं झालं. शिक्का एवढंच सांगतो की ११ जानेवारी १९३४ ला हे पाकीट एडन कॅम्पच्या पोस्टात होतं. ते तिथे काय करत होते, किती वर्षं होते, परत कधी आले, यातलं काहीही तो सांगत नाही. वर्गात मी फळ्याचे दोन भाग केले, एकात शिक्का काय सांगतो आणि दुसऱ्यात आपण काय म्हणतो. दुसरा भाग भराभर भरला. आपण जे म्हणतो त्यातलं बरंच खरंही असू शकतं, पण ते त्या भागातच राहायला हवं.

हीच रीत दुसऱ्या देशांच्या शिक्क्यांनाही लागू पडते. गोव्याची जुनी पत्रं सिंधुदुर्गातल्या घरांत खूप आहेत. तिथे महिन्याची तीन अक्षरं बघा. ऑगस्टला इंग्रजीत ए-यू-जी येतं, पोर्तुगीज शिक्क्यावर ए-जी-ओ. डिसेंबरला डी-ई-झेड. आणि पणजी असं शोधत बसलात तर सापडणार नाही, कारण पणजीचं सरकारी नाव बराच काळ नोव्हा गोवा होतं आणि शिक्क्यावरही तेच. गावाचं नाव पूर्ण गेलं तरी महिन्याच्या भाषेवरून निदान सरकार तरी कळतं.

शनिवारी दुपारी मी आणि तो मुलगा पाकीट परत द्यायला आजींकडे गेलो. बोलायचं काम त्यानेच केलं. नकाशाची वही उघडून मुंबई, एडन, राजापूर असं बोटाने दाखवलं. आजींनी दोनदा विचारलं, "मग हा मुंबईचा शिक्का?" तो म्हणाला, "आजी, ते मधलं स्टेशन."

मग आजींनीच बोटं मोजायला सुरुवात केली. पाकीट तेराव्याला आलं असं त्यांच्या आजीने त्यांना सांगितलेलं. राजापूरचा शिक्का २२ तारखेचा. त्याच दिवशी वाटप झालं असं धरून मागे मोजलं तर पणजीबाई १० जानेवारीला गेल्या. पत्र एडनच्या पोस्टात पडलं ११ ला. आई गेली हे त्याला कळणं तर लांबच, तार केली असती तरी तेराव्यापर्यंत तो कसाबसा राजापूरला पोचला असता, आणि तेही बोट वेळेवर मिळाली असती तर. आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बाई, माझ्या आजीला हे कोणीतरी सांगायला हवं होतं."

मी त्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगितली. ११, १९ आणि २२ या तारखा शिक्क्यांवर आहेत. तेरावा मात्र ऐकलेला आहे. तोही नोंदीत सापडला तर हिशेब पुरा होईल. मुलाच्या बाबांनी १९३४ च्या मृत्यूनोंदीसाठी तहसील कचेरीत अर्ज करायचं ठरवलं आहे. त्या काळची नोंद मोडीत असू शकते, आणि आमच्या पंचक्रोशीत मोडी वाचणारं आता कोणी उरलेलं नाही. राजापूर-रत्नागिरीकडे कोणाच्या ओळखीचं मोडी जाणणारं कोणी असेल तर जरूर कळवा.